नकाशासारखी जीभ आणि चिरा पडलेली जीभ: निर्धोक केव्हा, दाखवायची केव्हा?

अनुराधा_नाशिक
४ जून, सकाळी १०.१५

नमस्कार. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. गेल्या दीड वर्षापासून त्याच्या जिभेवर लालसर, गुळगुळीत चट्टे उठतात आणि प्रत्येक चट्ट्याला पांढरट-पिवळसर, किंचित उंच अशी वेडीवाकडी किनार असते. चार दिवसांपूर्वी उजवीकडे असलेला चट्टा आज पाहावा तर नाहीसा झालेला असतो आणि डावीकडे नवा उठलेला असतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रथम बुरशी समजून जिभेवर लावायचे थेंब दिले. ते दोन वेळा वापरूनही फरक पडला नाही. मग बी-कॉम्प्लेक्सचे औषध झाले. शेजारच्या आजींनी ‘पोटात उष्णता आहे’ असे सांगितल्यावर सब्जाचे पाणीही झाले. अखेर दाताच्या किडीसाठी गेलो असता दंतवैद्यांनी जीभ पाहताक्षणी ‘ही जिओग्राफिक टंग आहे, काहीही करू नका’ असे सांगितले.

जे डोळ्यांना इतके स्पष्ट दिसते त्यावर काहीही करायचे नाही, हे मनाला पटायला जड जाते. आमच्या सासूबाईंच्या जिभेवरही माझ्या लग्नापासून मी खोल चिरा पाहत आले आहे आणि हल्ली त्यांना तिखट अजिबात सोसत नाही, त्यामुळे ‘नातवाची जीभ आजीवर गेली’ असे घरात सर्वांनी ठरवून टाकले आहे.

माझा प्रश्न असा की जिभेवरचा एखादा बदल निर्धोक आहे आणि दुसरा तसा नाही, हे घरच्या माणसाने कशावरून ओळखावे? आणि हे एकाचे दुसऱ्याला लागते का? शाळेत मुलाशेजारी कोणी डबा खायला बसत नाही, हे मला सर्वांत जास्त लागले आहे.

मेघना_क
४ जून, सकाळी १०.४०

लागत नाही, ताई. माझ्या दोन्ही मुलींची जीभ अशी आहे आणि त्यांच्या वडिलांचीही होती. एका ताटात जेवतो, पण माझी जीभ मात्र आजवर स्वच्छच आहे. शाळेत वर्गशिक्षिकांना दंतवैद्यांची चिठ्ठी दाखवा. आमच्याकडे तेवढ्याने प्रश्न मिटला.

श्रीपाद_सांगली
४ जून, दुपारी १२.०५

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. मला हेच चट्टे येत होते. मी शाकाहारी असल्यामुळे बी-१२ ची कमतरता असणार, असे एका परिचितांनी सुचवले. मी महिनाभर गोळ्या घेतल्या आणि चट्टे पूर्ण गेले. माझ्या मते ‘काहीही करू नका’ हा सल्ला आळसाचा आहे. मुळाशी जीवनसत्त्वाची उणीव असते आणि ती भरून काढली की जीभ आपोआप बरी होते.

डॉ_सुमेधा
४ जून, रात्री ९.३०

मी दंतवैद्यकातील मुखरोग विभागात काम करते. दिवसभरात वेळ मिळाला नाही, आता सविस्तर लिहिते.

अनुराधाताई, तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की दंतवैद्यांना पाहताक्षणी ओळख का पटली हे सहज समजते. जिभेच्या पाठीवर बारीक खरखरीत अंकुर असतात आणि त्यांच्यामुळेच जीभ मखमलीसारखी दिसते. नकाशा जिभेत हे अंकुर एखाद्या जागी झडतात, म्हणून ती जागा लाल आणि गुळगुळीत दिसते. झडण्याची क्रिया कडेकडेने पुढे सरकते आणि मागच्या बाजूला अंकुर पुन्हा उगवत येतात, म्हणून चट्टा चालल्यासारखा वाटतो. पांढरी किनार ही त्या सरकण्याची आघाडी असते. शंभर माणसांमागे साधारण १ ते ३ जणांच्या जिभेवर हे केव्हा ना केव्हा दिसते. नेमके कारण अजून कळलेले नाही, मात्र काही घराण्यांत ते अधिक आढळते. त्याचा कर्करोग होत नाही आणि तुकडा काढून तपासण्याची गरजही सहसा पडत नाही.

श्रीपादराव, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. बी-१२, फोलिक आम्ल किंवा लोह कमी पडले तर जिभेचे अंकुर खरोखर झडतात. परंतु तेव्हा ते बहुधा सबंध जिभेवरून हळूहळू झडतात. जीभ एकसारखी गुळगुळीत होते, कधी मांसल लाल तर कधी फिकट दिसते, भोवती पांढरी किनार नसते आणि चट्टे जागा बदलत नाहीत. सोबत थकवा, हातापायांना मुंग्या किंवा ओठांच्या कोपऱ्यांना चिरा असू शकतात. अशी शंका असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासावे, कारण गोळ्या घेतल्यावर तपासणीतले आकडे बदलतात. राहिला तुमच्या चट्ट्यांचा प्रश्न. नकाशा जीभ मुळातच काही आठवडे राहून आपणहून जाते आणि काही महिन्यांनी परत येते. त्यामुळे त्या काळात जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते, मग ती गोळी असो की सब्जाचे पाणी.

श्रीपाद_सांगली
४ जून, रात्री १०.१०

डॉक्टर, रक्त तपासले नव्हते हे मान्य करतो. मात्र गेल्या दोन वर्षांत चट्टे परत आलेले नाहीत, याचे काय?

डॉ_सुमेधा
४ जून, रात्री १०.२५

काही जणांना ते वर्षानुवर्षे येत नाहीत आणि तुम्ही त्यांपैकी असू शकता. तुमच्यात बी-१२ खरोखर कमी होते की नाही, हे आता मागे जाऊन सांगता येणार नाही. शाकाहारी आहात, म्हणून आज एकदा पातळी तपासून घेणे योग्य ठरेल. ते जिभेसाठी नव्हे, एकूण प्रकृतीसाठी.

प्रसन्न_पुणे
५ जून, सकाळी ७.५०

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझी जीभ पंधरा वर्षे नकाशाची आहे. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी ती निर्धोक असल्याचे सांगितले होते आणि ते बरोबरच होते. मी तंबाखू कधी खाल्ली नाही, सिगारेटही ओढलेली नाही. चार वर्षांपूर्वी, ४४ व्या वर्षी, जिभेच्या उजव्या कडेला, खालच्या दाढांच्या समोर, एक लाल-पांढरा डाग दिसू लागला. मी तो नेहमीच्या चट्ट्यांपैकीच एक समजलो. दुखत नव्हता. दात स्वच्छ करायला गेलो तेव्हा मीच सांगितले की माझी जीभ अशीच असते, आणि ते ऐकून त्यांनी पुढे पाहिले नाही.

चार महिन्यांनंतर त्या जागी बोट लागले तेव्हा ती टणक वाटली, जणू कातडीखाली डाळीचा दाणा आहे. त्यानंतर तुकडा काढून तपासला आणि कर्करोगाचे निदान झाले. जिभेचा तेवढा भाग आणि मानेच्या उजव्या बाजूच्या गाठी काढल्या. रोग लवकरच्या टप्प्यात होता, त्यामुळे किरणोपचार लागले नाहीत. आज बोलणे ठीक आहे, ‘र’ आणि ‘ळ’ उच्चारताना थोडे कष्ट पडतात.

शस्त्रक्रियेनंतर मी मोबाइलमधली जुनी छायाचित्रे काढून पाहिली. मी हौसेने नकाशाचे फोटो काढत असे. चार महिन्यांत बाकीचे सगळे चट्टे वीस जागी फिरले होते. हा एकच डाग प्रत्येक फोटोत त्याच दाढेसमोर होता. उत्तर माझ्याच हातात होते, ते पाहायची दृष्टी नव्हती.

मेघना_क
५ जून, सकाळी ८.२०

प्रसन्नजी, हे वाचून अंगावर काटा आला. आता मुलींच्या जिभेकडे पाहण्याचीच भीती वाटेल.

डॉ_सुमेधा
५ जून, दुपारी १.४५

मेघनाताई, भीती वाटू देऊ नका, कारण प्रसन्नरावांच्या अनुभवाचा अर्थ नकाशा जीभ बिघडून कर्करोग झाला असा नाही. ज्याच्या जिभेवर नकाशा आहे त्यालाही इतरांप्रमाणेच दुसरा एखादा आजार होऊ शकतो, आणि जुन्या निदानाच्या आडोशाला तो दडून राहतो. हा धोका आम्हा डॉक्टरांच्याही बाबतीत असतो. रुग्ण म्हणतो ‘माझे असेच असते’ आणि नजर पुढे सरकते. म्हणून माझ्याकडे नकाशा जिभेचा जुना रुग्ण आला तरी मी दर वेळी कापडाने जिभेचे टोक धरून ती बाजूला ओढते आणि दोन्ही कडा मागपर्यंत पाहते. जिभेचा कर्करोग पाठीच्या मध्यावर क्वचित होतो. तो बहुतेक वेळा कडेला किंवा खालच्या अंगाला होतो आणि आरशात समोरून जीभ काढून पाहिली तर त्या जागा दिसतच नाहीत.

घरी पाहायचे असेल तर पद्धत सोपी आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता तीन फोटो काढावेत: एक वरून आणि दोन कडांचे. जीभ ताणून बाहेर काढू नये, कारण ताणलेली जीभ फिकी पडते आणि लाल डाग दिसत नाही. चहा, पान किंवा रंगीत गोळी खाल्ल्यावर लगेच काढू नयेत. दर चार दिवसांनी एकदा, असे तीन आठवडे केले की पुरे. डाग सरकला किंवा विरून गेला तर तो नकाशाचा. डाग तीन आठवडे एकाच जागी ठाण मांडून बसला असेल, तर तो दुखो वा न दुखो, लाल असो वा पांढरा, दंतवैद्याला दाखवावा.

जखम असेल तर मी दोनच आठवडे थांबायला सांगते. साधे तोंड आलेले असेल किंवा दाताने जीभ चावली गेली असेल तर तेवढ्यात भरून येते. मात्र बोटाला टणक लागणे, सहज रक्त येणे, पुसून न जाणारा पांढरा थर, जीभ बधिर होणे, ती पूर्वीसारखी बाहेर न येणे, गिळताना कानात कळ जाणे किंवा मानेत गाठ लागणे, यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

विश्वासराव
५ जून, सायंकाळी ६.३०

डॉक्टरांविषयी पूर्ण आदर राखून मतभेद नोंदवतो. अशा याद्या वाचल्या की निरोगी माणूस रोज सकाळी आरशासमोर उभा राहून जिभेत रोग शोधू लागतो. माझ्या धाकट्या भावाने हेच केले. त्याने सहा महिन्यांत पाच डॉक्टर केले, प्रत्येकाने निर्धोक म्हटले, तरी त्याचे समाधान होईना. जिभेच्या मुळाशी असलेले मोठे गोल दाणे त्याला गाठी वाटत होते. ते प्रत्येकाच्या जिभेवर असतात हे त्याला पाचव्या डॉक्टरांनी सांगितले. तुमच्या तीन फोटोंचे अशा माणसाच्या हाती तीनशे फोटो होतील.

डॉ_सुमेधा
५ जून, रात्री ९.००

विश्वासराव, तुमची हरकत रास्त आहे आणि मी तिचे समाधानकारक उत्तर देऊ शकेन असे मला वाटत नाही. तुमच्या भावासारखे रुग्ण मीही पाहते. जिभेच्या मुळाशी उलट्या ‘व्ही’ सारख्या रांगेत आठ-दहा मोठे दाणे असतात आणि ते प्रथमच दिसले की माणूस हादरतो. ते दोन्ही बाजूंना सारखे असतात, ही त्यांची खूण. अशा रुग्णांना मी स्वतः पाहण्याचे काम सोडून द्यायला सांगते आणि सहा महिन्यांनी एकदा मी पाहीन असे ठरवून देते. फोटोंची पद्धत ज्याला शंकेचा विशिष्ट डाग आहे त्याच्यासाठी आहे, सर्वांसाठी नाही. हे मी आधी स्पष्ट लिहायला हवे होते.

नीलिमा_मडगाव
६ जून, सकाळी ११.१५

चर्चा नकाशा जिभेकडे वळली आहे, पण शीर्षकात चिरांचाही उल्लेख आहे म्हणून विचारते. माझ्या जिभेच्या मधोमध एक खोल चीर आहे आणि तिला दोन्ही बाजूंना पानाच्या शिरांसारखे फाटे आहेत. वय वाढले तशा त्या खोल होत गेल्या. दुखत नाहीत, पण तोंडाला वास येतो असे यजमान म्हणतात. त्यासाठी मी तांब्याच्या जीभ घासणीने जोरात जीभ घासते आणि कधी कधी रक्त येते. ताजी सोलकढी प्याली की चिरांमध्ये झोंबते. ही जखम समजायची का?

डॉ_सुमेधा
६ जून, दुपारी २.१०

नीलिमाताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. चिरांची जीभ ही जिभेची ठेवण आहे. चीर खोल असली तरी तिच्या तळाशी नेहमीचे आवरण शाबूत असते, म्हणून ती जखम नव्हे. वयानुसार अशा चिरा वाढतात आणि नकाशा जीभ असलेल्या माणसात त्या बरेचदा सोबत आढळतात. रक्त मात्र चिरांमुळे येत नसून घासणीमुळे येत आहे. घासणीची कड चिरेच्या दोन्ही काठांना खरवडते, तळाशी अडकलेले अन्न तिथेच राहते आणि वासही जात नाही. त्याऐवजी मऊ दातांचा ब्रश फक्त पाण्यात भिजवून, मागून पुढे, चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवा आणि जेवणानंतर खळखळून चूळ भरा. दोन आठवड्यांत सोलकढीचे झोंबणेही कमी व्हायला हवे. ते कमी झाले नाही, किंवा एकाच चिरेत दुखत राहिले, तर दाखवा.

फार थोड्या रुग्णांत चिरांच्या जोडीला ओठ वारंवार सुजतात आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याचे प्रसंग येतात. तसे असेल तर तो वेगळा आजार आहे आणि त्याची चौकशी करावी लागते. केवळ चिरा असतील तर नको.

नीलिमा_मडगाव
६ जून, दुपारी २.३५

मनापासून आभार. घासणी आजपासून बंद. ओठ सुजत नाहीत.

अमोघ_न्यू_जर्सी
६ जून, रात्री ११.५०

माझ्या बाबतीत उलट क्रमाने घडले. मला बारा वर्षांपासून सोरायसिस आहे. इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कोपर आणि गुडघे पाहून झाल्यावर जीभ दाखवायला सांगितली, तेव्हा मला आश्चर्य वाटले. जिभेवर नकाशा होता आणि मी तो कधी पाहिलाही नव्हता. सोरायसिस असलेल्यांत नकाशा जीभ अधिक आढळते, असे त्यांनी सांगितले. मग अनुराधाताईंच्या मुलाला पुढे सोरायसिस होईल का?

डॉ_सुमेधा
७ जून, सकाळी ८.४०

अमोघ, संबंध आहे हे खरे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचे चित्रही पुष्कळ जुळते. परंतु तो संबंध उलट दिशेने वाचू नये. नकाशा जीभ असलेल्या बहुतेक लोकांना सोरायसिस कधीच होत नाही. मुलाच्या अंगावर खपल्यांचे चट्टे नसतील आणि घरात कोणाला सोरायसिस नसेल, तर जिभेवरून त्याचे भाकीत करू नये.

अनुराधाताई, आता मला तुमच्या पहिल्या लेखनाकडे परत यायचे आहे. ते मी आज पुन्हा वाचले आणि एका वाक्याकडे आम्हा सर्वांचेच दुर्लक्ष झाले, त्यात मीही आले. सासूबाईंना ‘हल्ली’ तिखट सोसत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. चिरा तुमच्या लग्नापासून आहेत, मग जळजळ आत्ताच का सुरू झाली? जुन्या चिरा नव्या त्रासाचे कारण असतीलच असे नाही. कृपया एवढे सांगा: जळजळ केव्हापासून आहे, त्या मिश्री लावतात का, सुपारी खातात का आणि तोंड उघडल्यावर त्यांची स्वतःची तीन बोटे एकावर एक ठेवून, उभी, दातांमध्ये मावतात का?

अनुराधा_नाशिक
७ जून, रात्री ८.१५

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसले. जळजळ साधारण आठ महिन्यांपासून आहे. त्या ६२ वर्षांच्या आहेत. मिश्री त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडली, म्हणून त्यांच्या मनात शंकाही नव्हती. सुपारी मात्र दोन्ही जेवणांनंतर कातरून खातात. बडीशेपेसारखीच ती पचनाला चांगली, असे त्या मानतात. तीन बोटे मावली नाहीत. दोन कशीबशी मावली. पुरणपोळी पूर्वीसारखी घडी करून तोंडात घालता येत नाही, असे त्या स्वतःहून म्हणाल्या, आणि त्याचा दोष त्यांनी कवळीच्या मापाला दिला होता.

डॉ_सुमेधा
७ जून, रात्री ८.५०

पुरणपोळीचे त्यांनी सांगितले ते फार मोलाचे आहे. महाराष्ट्रात तंबाखूविषयी सर्वजण सावध झाले आहेत, पण सुपारीला अजून कोणी व्यसन मानत नाही. सुपारीने गालाच्या आतले आवरण हळूहळू ताठर होत जाते. त्याची पहिली खूण बरेचदा तिखट न सोसणे हीच असते, आणि तोंड कमी उघडणे मागून येते. या अवस्थेत गाल आतून फिके, संगमरवरासारखे दिसतात, बोट फिरवले तर उभे पट्टे हाताला लागतात, जिभेचे अंकुरही झडू शकतात. पुढे कर्करोग होण्याचा धोका यात खरोखर असतो, म्हणून हा नकाशा जिभेच्या वर्गातला बदल नव्हे. मी जीभ पाहिलेली नाही, तेव्हा निदान करत नाही. परंतु या आठवड्यातच दंतवैद्यांना दाखवा आणि सुपारी आजच बंद करा. थोडी नाही, पूर्ण.

श्रीपाद_सांगली
७ जून, रात्री ९.२०

आमच्या घरीही जेवणानंतर सुगंधी सुपारीची डबी फिरते. ती तंबाखूविरहित असते, तरीही हेच लागू होते का?

डॉ_सुमेधा
७ जून, रात्री ९.३०

होय. तंबाखू नसली तरी सुपारी हेच त्यातले कारण आहे.

अनुराधा_नाशिक
११ जून, रात्री ९.४०

आज सासूबाईंना दाखवून आलो. जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते. जिभेवरच्या चिरा जुन्या आणि निर्धोक आहेत. दोन्ही गाल आतून फिके असून मागच्या बाजूला पट्टे हाताला लागतात; तोंडाची उघड २८ मिलिमीटर भरली आणि ती ३५ च्या वर असायला हवी होती. हा सुपारीचाच परिणाम आहे, असे दंतवैद्यांनी स्पष्ट सांगितले. त्याशिवाय जिभेच्या डाव्या कडेला, मागे, साधारण एक सेंटिमीटरचा पांढरा डाग सापडला. तो कापसाने पुसून गेला नाही, बोटाला मऊ लागतो. त्याच्या अगदी समोरची दाढ तुटून टोकदार झाली आहे. त्यांनी ते टोक घासून गुळगुळीत केले, डागाचा फोटो काढला आणि २५ जूनला परत बोलावले आहे. तेव्हा डाग तसाच असेल तर तुकडा काढून तपासणार आहेत.

सासूबाईंनी सुपारीचा अडकित्ता स्वतः माझ्या हातात दिला. मुलाच्या जिभेवर आज एकही चट्टा नाही.

प्रसन्न_पुणे
११ जून, रात्री १०.०५

अनुराधाताई, माझा सल्ला कडक वाटेल, पण दोन आठवडे का थांबायचे? मला कोणी पहिल्याच दिवशी तुकडा काढायला सांगितले असते तर मी आज त्यांचा ऋणी असतो.

डॉ_सुमेधा
११ जून, रात्री १०.४०

प्रसन्नराव, या बाबतीत आमच्यातही दोन मते आहेत. समोर टोकदार दाढ असेल, डाग मऊ असेल आणि वरती जखम नसेल, तर टोक घासून दोन आठवडे पाहणे ही मान्य रीत आहे, कारण घर्षणाने आलेला डाग तेवढ्यात कमी होऊ लागतो. दुसरे मत असे की सुपारीने गाल ताठर झालेल्या, पूर्वी मिश्री लावलेल्या व्यक्तीत मुळातच धोका अधिक असतो, म्हणून लगेच तुकडा काढावा. माझ्याकडे त्या आल्या असत्या तर मी बहुधा लगेच काढला असता. परंतु ज्यांनी डागाला बोट लावून पाहिले आहे त्यांचा निर्णय मी लांबून चुकीचा ठरवणार नाही. एक मात्र नक्की की २५ तारीख चुकवता कामा नये, डाग फिकट झाल्यासारखा वाटला तरीही. आणि मधल्या काळात तिथे जखम झाली, रक्त आले किंवा जागा टणक लागली, तर २५ ची वाट पाहू नका.

विश्वासराव
१२ जून, सकाळी ७.१०

मी वर मतभेद नोंदवला होता, म्हणून हेही नोंदवतो. सासूबाईंच्या बाबतीत फोटोंनी नव्हे, ‘केव्हापासून’ या एका प्रश्नाने काम केले. माझ्या भावाला हाच प्रश्न विचारला तर तो ‘लहानपणापासून’ असे उत्तर देईल. त्याला मी आज हा धागा वाचायला देणार नाही, पण हा प्रश्न मात्र नक्की विचारेन.

अनुराधा_नाशिक
१२ जून, सकाळी ९.००

डॉक्टर, प्रसन्नजी, दोघांचेही म्हणणे सासूबाईंना वाचून दाखवले. आम्ही दंतवैद्यांना दूरध्वनी करून तुकडा आधी काढता येईल का, असे विचारले. त्यांनी नकार दिला नाही. १८ जूनला या, दाढ गुळगुळीत झाल्याने डाग बदलला आहे का ते पाहून तिथेच ठरवू, असे म्हणाले. १८ ला काय होते ते इथे लिहीन.